न मोडलेल्या हाताचा दाखला

गुरुवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरील अनुवाद कार्यालयात, एका धडधाकट माणसाच्या उजव्या हाताला कोपराखालपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालण्यात आले. हात मोडलेला नव्हता. मुरगळलाही नव्हता. प्लास्टर घालणारा माणूस डॉक्टर नव्हता आणि ज्याच्या हाताला ते घातले, तो पूर्ण वेळ बोलत होता.

तिथे तिघेजण हजर होते. टेबलामागे अनुवादक बाई. वय पंचावन्नच्या पुढे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कागदपत्रांचे अधिकृत भाषांतर करून त्यावर स्वतःचा शिक्का मारण्याचा चोवीस वर्षांचा अनुभव. समोरच्या खुर्चीत मेहुणा. पाणी शुद्ध करण्याची यंत्रे घरोघरी विकणारा. आणि प्लास्टर घालणारे ते मेहुण्याचे दाजी, म्हणजे बहिणीचा नवरा. वय सत्तेचाळीस. रुग्णालयाच्या पगारपत्रकावर ‘कक्षसेवक’. रुग्णालयात तोंडी ‘वॉर्डबॉय’. हाडांच्या विभागात मात्र सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, कारण प्लास्टर तेच करत.

हे प्रकरण साडेदहाला सुरू झाले तेव्हा त्यात प्लास्टर कुठेच नव्हते. होता तो साडेपाच पानांचा बायोडाटा.

परदेशातल्या एका मोठ्या रुग्णालयाला प्लास्टर खोलीसाठी माणूस हवा होता. जाहिरातीत प्रमाणपत्राची अट होती, पण खाली एक ओळ होती: प्रमाणपत्र नसल्यास तितक्याच तोडीचा प्रत्यक्ष अनुभव विचारात घेतला जाईल. अर्ज शुक्रवारी दुपारी चारला बंद होणार होता. इकडे मिस्त्रींच्या रुग्णालयाने नवा नियम काढला होता: एक तारखेपासून प्लास्टर खोलीत प्रमाणपत्रवाला माणूस, जुन्या कक्षसेवकाची बदली धुलाईखात्यात. एक तारखेला बारा दिवस होते. एकोणीस वर्षे प्लास्टर घातलेला माणूस तेराव्या दिवसापासून चादरी मोजणार होता. त्यामुळे ती एक ओळ मिस्त्रींना पाठ झाली होती.

बाईंनी बायोडाटा उघडला.

“हा कोणी लिहिला?”

“मी,” मेहुणा म्हणाला. “दाजींना स्वतःबद्दल बोलायला जमत नाही. तीन रात्री बसून लिहिलाय.”

“रक्तगट, उंची, रंग निमगोरा,” बाई वाचू लागल्या. “वैवाहिक स्थिती. वडिलांचा व्यवसाय. आणि हे शेवटच्या पानावर काय आहे? अपेक्षा: मुलगी सुशिक्षित व मनमिळाऊ असावी.”

मिस्त्रींनी मेहुण्याकडे पाहिले.

“ते जुन्या फाइलमधलं राहिलं,” मेहुणा म्हणाला. “चुलतभावाच्या स्थळांसाठी केली होती, तीच वापरली. बाकी सगळं दाजींचंच आहे.”

“तुझ्या ताईला दाखवू का हे?” मिस्त्रींनी विचारले.

“दाजी, प्लीज.”

बाईंनी पेन्सिलने पहिले दीड पान उभे खोडले. फोटो, जन्मतारीख, लग्न, वडील, उंची, रंग. तिकडे यातले काही मागत नाहीत, आणि कोणी पाठवले तर अवघडतात, असे त्यांनी सांगितले. कोणाला घेतले आणि कोणाला नाही यात वयाचा किंवा लग्नाचा संबंध आला, असे उद्या कोणी म्हणायला नको म्हणून.

“वय नाही लिहायचं?” मिस्त्रींना हे पटेना. “मग मी सत्तेचाळीसचा आहे हे त्यांना कळणार कसं?”

“तिथे पोचलात की दिसेलच.”

दुसऱ्या पानावर शिक्षण होते. दहावी, एकसष्ट टक्के, प्रथम श्रेणी. मेहुण्याने कंसात लिहिले होते: परदेशातील पदविकेच्या बरोबरीचे.

“ही बरोबरी कोणी ठरवली?”

“अंदाजे.”

“अंदाज तिकडचे लोक करतील. त्यासाठी वेगळ्या संस्था असतात, त्या कागद तपासून कशाच्या बरोबरीचं ते सांगतात. मी काय लिहिणार? दहा वर्षांचं शालेय शिक्षण, अखेरीस सार्वजनिक परीक्षा, एकसष्ट टक्के, साठ आणि त्यापुढे प्रथम श्रेणी. बस. टक्क्यांचे त्यांच्या पद्धतीचे गुणही मी करणार नाही.”

“पण एकसष्ट म्हणजे त्यांना कमी वाटेल!”

“म्हणूनच साठच्या पुढे काय म्हणतात ते शेजारी लिहिते. वाचणारा माणूस बिनडोक नसतो हो, फक्त लांब असतो.”

तिसऱ्या पानावर हुद्दा होता. मेहुण्याने तो ठळक अक्षरात, मधोमध आणि दोन रेघांच्या मध्ये छापला होता: विभागप्रमुख, प्लास्टर व अस्थिव्यवस्थापन.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग हात पुढे केला. “अनुभवाचा दाखला द्या.”

दाखला एका पानाचा होता. रुग्णालयाचे नाव छापलेले, खाली प्रशासन अधिकाऱ्याची सही, गोल शिक्का. मजकूर असा: सदर इसम या रुग्णालयात एकवीस वर्षांपासून कक्षसेवक या पदावर कार्यरत असून, साफसफाई, रुग्णांची ने-आण व डॉक्टरांना साहाय्य ही कामे करतो. वर्तणूक चांगली.

बाईंनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

“तिकडची बाई किंवा बुवा हे असे ठेवणार. डावीकडे विभागप्रमुख. उजवीकडे साफसफाई. पुढे काय करणार?”

“काय?”

“दोन्ही केराच्या टोपलीत टाकणार आणि चहा प्यायला जाणार.”

मेहुण्याने खुर्ची पुढे ओढली. पाण्याची यंत्रे विकताना तो बहुधा असाच पुढे सरकत असावा. “मॅडम, मग दाखल्याच्या इंग्रजीत जरा वरचा शब्द टाका ना. कक्षसेवक म्हणजे, कक्षाची सेवा बघणारा. म्हणजे कक्ष व्यवस्थापक. मराठी तिकडे कोण वाचतंय?”

“मी वाचते,” बाई म्हणाल्या. “आणि शिक्का माझा आहे. दाखल्यातला स्वल्पविरामसुद्धा मी हलवत नाही. कक्षसेवक हा शब्द इंग्रजी अक्षरांत तसाच जाईल, शेजारी चौकटी कंसात अनुवादकाची टीप: वॉर्डातला मदतनीस कर्मचारी. बायोडाटा मात्र तुमचा आहे. त्याची मांडणी तिकडच्या डोळ्यांना कळेल अशी मी करू शकते. पण खोटं तिथेही नाही.”

“मग टेक्निशियन तरी लिहा.”

“पुष्कळ देशांत टेक्निशियन म्हणवून घ्यायला नोंदणी लागते. डिग्री नसताना स्वतःला डॉक्टर म्हणवण्यासारखंच ते. हे आहेत का नोंदणीकृत?”

“दाजी गावातल्या अर्ध्या लोकांचे हात—”

“मी त्यांना विचारतेय.” बाई मिस्त्रींकडे वळल्या. “तुम्ही नेमकं काय करता?”

मिस्त्रींनी मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे केले. “काही नाही. डॉक्टरांना मदत.”

“म्हणजे काय काय?”

“म्हणजे डॉक्टर प्लास्टर करतात. आपण असतो तिथे.”

“आपण म्हणजे?”

“मीच.”

“डॉक्टर प्लास्टर करतात तेव्हा तुम्ही काय करत असता?”

मिस्त्रींनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. खालच्या दुकानात कोणीतरी खोकल्याचे औषध मागत होते.

“प्लास्टर,” ते म्हणाले.

यानंतरच्या दहा मिनिटांत पुढील माहिती उजेडात आली. मोठे डॉक्टर, म्हणजे हाडांच्या विभागाचे प्रमुख, क्ष-किरणांचा फोटो पाहतात, हाड जागेवर आणायचे असेल तर आणतात, आणि पुढच्या रुग्णाकडे जातात. प्लास्टर मिस्त्री करतात. दिवसाला सहा ते आठ. एकोणीस वर्षे. त्याआधीची दोन वर्षे ते फक्त खोली झाडत होते आणि त्या वेळच्या म्हाताऱ्या कक्षसेवकाचे हात पाहत होते. प्लास्टर खोलीत एक नोंदवही आहे. तिच्यात ‘प्लास्टर कोणी केले’ असा रकाना आहे. त्या रकान्यात पहिल्या पानापासून मोठ्या डॉक्टरांचे नाव आहे, कारण नियमाने प्लास्टर डॉक्टरने करायचे असते.

“आणि ते नाव रोज कोण लिहितं?” बाईंनी विचारले.

“मी. माझं अक्षर बरं आहे.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. स्वतःच्या कामावर स्वतःच्या सुवाच्य अक्षरात एकोणीस वर्षे दुसऱ्याचे नाव घालणारा माणूस त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बसला होता, आणि त्याला त्यात सांगण्यासारखे काही वाटत नव्हते.

“बघा,” त्या म्हणाल्या, “इंग्रजी बायोडाटात प्रत्येक ओळ कामाच्या नावानेच सुरू होते. केलं, बसवलं, तपासलं, शिकवलं. कोणी केलं हे लिहीतच नाहीत. ज्याचा बायोडाटा, त्यानेच केलं असं धरतात. तेव्हा मी एकेक काम विचारणार, तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं. मदत हा शब्द आजपुरता बंद. प्लास्टर बसवलं?”

“म्हणजे तसं डॉक्टर—”

“हो की नाही?”

“मॅडम, ते तोंडाने नाही येत हो. हातानं येतं.”

“मग हातानं सांगा.”

इथे मेहुण्याने बाह्या सरसावल्या. पुढे काय झाले याची जबाबदारी कोणाची यावर आजही एकमत नाही. मेहुणा म्हणतो, कल्पना बाईंची. बाई म्हणतात, हात त्याने स्वतःहून पुढे केला. खालच्या दुकानदाराकडे नोंद एवढीच आहे की अकरा पंचविसाला एका माणसाने घाईघाईत येऊन प्लास्टरच्या पट्टीचे दोन रोल, कापसाच्या पट्टीचा एक रोल आणि हातमोज्यासारख्या विणलेल्या नळीचा एक तुकडा नेला.

बाई टंकत होत्या. मिस्त्री सांगत होते. त्यांचा आवाज बदलला होता. कामावर असताना ते कोणाचीही अदब ठेवत नाहीत हे प्रथमच कळले.

“हात टेबलावर. अंगठी काढ. अंगठी काढ म्हटलं ना, सूज आली तर बोट कापावं लागेल.”

“दाजी, सूज कशाची? काही झालंच नाहीये.”

“बोलू नकोस, मनगट हलतं. मॅडम, लिहा. आधी अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून घेणे. मग नळी चढवायची, दोन्ही टोकांना चार बोटं जास्त. मग कापूस, मनगटाच्या हाडावर एक वेढा जादा, नाहीतर तिथे जखम होते. मग पट्टी पाण्यात उभी धरायची, बुडबुडे थांबेपर्यंत. पिळायची नाही, नुसती दाबायची. पाणी गरम नको. लवकर घट्ट होतं आणि चटकाही बसतो. वेढा अर्ध्यावर अर्धा. ओढायचं नाही, पट्टी आपोआप फिरली पाहिजे.”

“थांबा, ओढायचं का नाही?” बाईंनी विचारले.

“ओढलं की रक्त अडतं. आणि बोटांनी दाबायचं नाही, तळहातानं. बोटाचा खड्डा पडला की तो आतून टोचत राहतो. अंगठा मोकळा. बोटांचे सांधे मोकळे. नळी उलटी दुमडायची, म्हणजे कड टोचत नाही. आता नखं दाबून बघायची. दाबलं की पांढरं, सोडलं की गुलाबी. हे झालं नाही तर रुग्ण घरी पाठवायचा नाही, मग डॉक्टर काहीही म्हणोत.”

शेवटी त्यांनी खिशातून जाड पेन काढले आणि प्लास्टरवर तारीख घातली. हाड कुठे मोडले ते दाखवणारी आकृती ते नेहमी काढतात. इथे ते क्षणभर थांबले आणि एक सरळ, अखंड रेघ मारली.

“हे कशाला?” बाईंनी विचारले.

“तीन आठवड्यांनी दुसऱ्या कोणी कापलं तर त्याला कळायला नको का, आत काय आहे?”

बाईंनी छापलेले पान बाहेर काढले. मधोमध काही नव्हते. वर डावीकडे मिस्त्रींचे पद दोन ओळींत होते: पहिल्या ओळीत प्लास्टर खोलीतील प्रत्यक्ष काम, दुसऱ्या ओळीत अधिकृत हुद्दा, कक्षसेवक. खाली सर्वांत अलीकडचे काम आधी. मग अकरा ओळी, प्रत्येक ओळ कामाने सुरू होणारी. मेहुण्याला एकूण आकडा हवा होता. त्याने मोबाइलवर गुणाकार करून चाळीस हजार प्लास्टर काढले होते. बाईंनी विचारले, मोजली होती का? नाही म्हटल्यावर त्यांनी ‘दररोज सुमारे सहा ते आठ’ एवढेच ठेवले. मुलाखतीत कोणी विचारले तर न अडखळता सांगता येईल तेवढेच लिहायचे, हा त्यांचा नियम.

“आता फक्त एकच अडचण,” त्या म्हणाल्या. “या अकरा ओळी खऱ्या आहेत, पण त्यांना धरून एकही कागद नाही. दाखला साफसफाई म्हणतो. नोंदवही डॉक्टर म्हणते.”

“माझीपण एक अडचण आहे,” मेहुणा म्हणाला. “हे निघणार कसं?”

मिस्त्रींनी प्लास्टरवर टिचकी मारली. आवाज घट्ट आला.

“बादलीत तासभर हात बुडवून बसलास तर सुटेल.”

कार्यालयात पाण्याचा एकच तांब्या होता. मेहुण्याची साडेतीनला एका सोसायटीत यंत्र विकायची बैठक होती. यंत्र उजव्या हाताने उघडून दाखवायचे असते. मिस्त्रींची पाळी दोनला सुरू होत होती. प्लास्टर कापायची करवत रुग्णालयात होती.

“चल माझ्याबरोबर. दोन मिनिटांत कापतो.”

वाटेत मेहुण्याने बहिणीला फोन करून सांगितले की काळजी करू नकोस, हाताला प्लास्टर आहे पण हात ठीक आहे. बहिणीने विचारले, मग प्लास्टर कशाला? मेहुणा म्हणाला, दाजींच्या नोकरीसाठी. फोन ठेवल्यावर तिने नवऱ्याला फोन केला आणि विचारले की दोघे नक्की कुठे बसला आहात आणि काय प्यायला आहात.

दोन वाजून दहा मिनिटांनी मेहुणा प्लास्टर खोलीतल्या स्टुलावर बसला. करवत वापरायची तर आधी नोंद, असा त्या खोलीचा नियम आहे. आणि कापायची नोंद करायची तर प्लास्टर घातल्याची नोंद लागते. मिस्त्रींनी नोंदवही उघडली, नाव, वय, तारीख, कोपराखालील प्लास्टर असे लिहिले आणि पुढच्या रकान्यावर त्यांचे पेन थांबले. एकोणीस वर्षांत ते तिथे प्रथमच थांबले होते.

त्याच वेळी मोठे डॉक्टर आत आले. साठीचे, उंच, घाईत.

“काय रे मिस्त्री, कापतोयस काय? आजचंच दिसतंय.”

“हो डॉक्टर. हा माझा मेहुणा.”

डॉक्टरांनी मेहुण्याचा हात उचलून फिरवला, नखे दाबली, कडा पाहिल्या. “बरं केलंय. फोटो कुठाय? मोडलंय काय?”

“काही नाही,” मेहुणा म्हणाला.

“मग घातलं कशाला?”

“भाषांतरासाठी.”

डॉक्टरांनी मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींनी जमिनीकडे पाहिले. मग सगळे सांगितले: जाहिरात, शुक्रवारचे चार, साफसफाईचा दाखला. सांगताना त्यांनी मदत हा शब्द सहा वेळा वापरला.

“मग मला आधी सांगायचं नाही? लिहून दिलं असतं,” डॉक्टर म्हणाले. मग जरा थांबून, “म्हणजे, बघितलं असतं काय लिहिता येतं ते. असो. नोंद कर. नेहमीसारखं माझं नाव टाक आणि मोकळा हो.”

“पण डॉक्टर,” मेहुणा म्हणाला, आणि या एका वाक्यासाठी त्याची बाकीची सगळी बडबड माफ करायला हवी, “पावणेबाराला तुम्ही कुठे होता?”

“ऑपरेशनमध्ये.”

“तिथल्या वहीतही तुमचं नाव असेल ना? त्याच वेळेला?”

डॉक्टरांनी नोंदवही स्वतःकडे ओढली. न मोडलेल्या हाताला, रुग्णालयाबाहेर, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत घातलेल्या प्लास्टरखाली स्वतःचे नाव घालायला कोणताही शहाणा डॉक्टर तयार होणार नाही. हेही झाले नाहीत. त्यांनी पेन घेतले, ‘प्लास्टर कोणी केले’ या रकान्यात मिस्त्रींचे खरे नाव पूर्ण लिहिले, आणि शेवटच्या शेरा रकान्यात, डॉक्टरांचे असूनही वाचता येईल अशा अक्षरात, लिहिले: अस्थिभंग नाही. प्लास्टर अनावश्यक. काम निर्दोष. खाली सही.

“झालं समाधान?” ते म्हणाले. दारात वळून त्यांनी विचारले, “तुला हे इतकं नीट शिकवलं कोणी? मीच ना?”

“तुम्ही यायच्या आधीचे म्हातारबाबा होते, त्यांनी.”

डॉक्टर गेले. मिस्त्रींनी प्लास्टर दोन मिनिटांत कापले. मेहुणा त्या दोन मिनिटांत प्रथमच गप्प होता. करवत फक्त थरथरते, कातडी कापत नाही, हे त्याला दाजींनी कापून झाल्यावर सांगितले.

साडेतीनची बैठक बुडाली. कारण मेहुणा बरोब्बर साडेतीनला रुग्णालयाच्या अभिलेख खिडकीसमोर उभा होता. रुग्णाला स्वतःच्या नोंदीची प्रत मागता येते. रुग्ण तोच होता. खिडकीतल्या कारकुनाने विचारले, कशासाठी हवी? मेहुणा म्हणाला, आठवण म्हणून. साडेचारला शिक्का मारलेली प्रत हातात पडली.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला ती बाईंच्या टेबलावर होती. बाईंनी ती दोनदा वाचली.

“हा दाखला चालेल,” त्या म्हणाल्या. “कोणी केलं, कोणाच्या सहीने, कामाबद्दल काय मत. सगळं एका ओळीत आहे.”

“फक्त ते ‘अनावश्यक’ गाळा,” मेहुणा म्हणाला.

“नाही.”

“मॅडम, आयुष्यभरात दाजींच्या नावावर एकच प्लास्टर चढलंय, आणि त्यापुढे अनावश्यक! तिकडचे लोक म्हणतील, हा माणूस दिसेल त्याला प्लास्टर घालत सुटतो.”

“गाळलं तर शिक्का नाही. ठेवलं तर जोडायचं की नाही हे यांनी ठरवायचं. जोडलंच पाहिजे असं नाही.”

दोघांनी मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्री नोंदीची प्रत हातात धरून त्यातले स्वतःचे नाव पाहत होते. अक्षर बरे नव्हते.

“जोडा,” ते म्हणाले. “खरंच अनावश्यक होतं. आणि मोडलेल्या हातापेक्षा हे अवघड असतं. दुखत नसलं की माणूस हलतो फार.”

बाईंनी भाषांतराखाली एक टीप घातली: हे प्लास्टर अर्जदाराने आपली पद्धत दाखवण्यासाठी, संबंधित व्यक्तीच्या संमतीने घातले, त्या वेळी अनुवादक स्वतः हजर होती. मग शिक्का मारला. संदर्भ द्यायच्या जागी, म्हणजे अर्जदाराच्या कामाबद्दल कोणाला विचारावे या चौकटीत, मिस्त्रींनी मोठ्या डॉक्टरांना फोनवर विचारून त्यांचे नाव घातले. डॉक्टर “बरं” म्हणाले. फोनवर ते एवढेच म्हणाले. तीन वाजून छत्तीस मिनिटांनी अर्ज गेला. त्याच मिनिटाला पोचल्याचे यंत्राने पाठवलेले उत्तर आले, आणि मेहुण्याने ते मिस्त्रींच्या बायकोला निवड झाल्यासारखे वाचून दाखवले.

पुढच्या बुधवारी परदेशातून दोन मेल आले. एक मिस्त्रींना: अर्ज पुढच्या टप्प्यात गेला आहे, संदर्भ आल्यावर व्हिडिओवर प्रात्यक्षिक घेतले जाईल, सोमवारी दुपारपर्यंत संदर्भ न आल्यास अर्ज बंद होईल. दुसरा मोठ्या डॉक्टरांना, सोबत पाच प्रश्नांचा फॉर्म. चौथा प्रश्न बाईंनी मिस्त्रींना मराठीत समजावून सांगितला, कारण कोणते प्रश्न जाणार हे अर्जदारालाही कळवले होते: अर्जदाराने दर आठवड्याला स्वतंत्रपणे किती प्लास्टर घातली, आणि तुमच्या रुग्णालयाच्या नोंदी त्याला दुजोरा देतात का?

“पहिल्या भागाला खरं लिहिलं, तर दुसऱ्याला काय लिहिणार?” मेहुणा म्हणाला. “एकोणीस वर्षांच्या वह्या आहेत, सगळ्यांत त्यांचंच नाव.”

“आणि एकात माझं,” मिस्त्री म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी डॉक्टरांनी बाईंना फोन केला. त्यांचे इंग्रजी उत्तम आहे. भाषांतर नको होते. बायोडाटात ‘स्वतंत्रपणे’ असा शब्द तुम्ही घातला आहे का, एवढेच त्यांना हवे होते. बाईंनी ओळ वाचून दाखवली: डॉक्टरांनी हाड बसवल्यानंतर प्लास्टर स्वतंत्रपणे घातले.

“हाड बसवल्यानंतर,” डॉक्टर म्हणाले.

“हो. ते तुम्ही करता असं त्यांनी सांगितलं. दोनदा सांगितलं. ते लिहिल्याशिवाय सोडायला तयार नव्हते.”

“ठीक,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी रुग्णालयाने नवा प्रमाणपत्रवाला माणूस चार दिवस आधीच आणला. तरुण आहे, नम्र आहे, आणि पहिल्या दिवशी त्याने गरम पाणी मागवले. मिस्त्रींची बदलीही तीन दिवस आधी झाली. शनिवारी सकाळी आठला ते तळघरातल्या धुलाईखात्यात हजर झाले आणि साडेनऊपर्यंत त्यांनी दोनशे बारा चादरी मोजल्या.

दहा वाजता मेहुण्याने अर्जाची स्थिती पाहिली. संदर्भाच्या रकान्यात: उघडला, पाचपैकी चार उत्तरे भरली, पाठवलेला नाही. कोणते उत्तर राहिले ते तिथे दिसत नाही.

अकरा वाजून पाच मिनिटांनी हाडांच्या विभागातून धुलाईखात्यात फोन आला. बोलणारे स्वतः मोठे डॉक्टर होते. मिस्त्रीला वर पाठवा म्हणाले. प्लास्टर खोलीतल्या सगळ्या जुन्या नोंदवह्या बरोबर घेऊन माझ्या खोलीत या, असेही सांगा म्हणाले. कशासाठी ते सांगितले नाही, पण चौथा प्रश्न त्या वह्यांबद्दलच होता. मिस्त्रींनी हातातली चादर घडी करून ठेवली, खिशात जाड पेन आहे ना ते चाचपले आणि जिना चढून गेले.

साडेबारापर्यंत ते खाली आलेले नव्हते.